शिलाईचा दर आणि ‘काहीतरी कमी करा ना’

घरी बसून ब्लाउज शिवणाऱ्या बाईला काही खर्च नसतो, असा सोसायटीतल्या गिऱ्हाइकांचा ठाम समज असतो. दुकान नाही म्हणजे भाडं नाही. मशीन काय, लग्नात मिळालेलं. वीज घरातलीच. आणि वेळ? ती तर घरीच असते! शिलाईवरची सगळी घासाघीस या ‘घरीच असते’ मधून सुरू होते. घरी असणारी माणसं रिकामीच असतात आणि कोणी काम आणून दिलं की त्यांना बरंच वाटतं, असं धरून चालण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

हीच गिऱ्हाइकं साडीच्या मोठ्या दुकानात ‘एकच भाव’ ही पाटी वाचून मुकाट पैसे मोजतात. तिथे कोणी गादीवरच्या शेठजींना ‘अहो, तुम्ही तर दुकानातच असता’ असं म्हणत नाही. हा स्वभावातला फरक नाही, पाटीचा आहे. छापलेल्या किमतीशी माणूस सहसा वाद घालत नाही, पण तोंडी सांगितलेली किंमत त्याला बोलणी सुरू झाल्याची खूण वाटते. त्यातून घरगुती शिवणारी दर सांगते तीही बिचकत: ‘साडेचारशे होतील… म्हणजे… तुम्ही काय द्याल ते.’ या एका वाक्यात साडेचारशेचे साडेतीनशे झालेले असतात आणि गिऱ्हाइकाला तोंडही उघडावं लागलेलं नसतं.

बिचकण्याचं कारण बहुधा असं की तो आकडा तिचा स्वतःचा नसतो. पलीकडच्या गल्लीतली पाचशे घेते, मग आपण साडेचारशे घेऊ, अशा हिशेबाने तो आलेला असतो. शेजारणीकडून उसना आणलेला दर कोणी ‘इतके का?’ असं विचारताच कोसळतो, कारण त्याचं उत्तर पलीकडच्या गल्लीत असतं. म्हणून दर ठाम सांगायचा तर आधी तो कुठून आला ते स्वतःला ठाऊक असावं लागतं.

सुती अस्तराचा एक ब्लाउज घड्याळ समोर ठेवून शिवला की बरंच काही कळतं. माप घ्यायला दहा मिनिटं. प्रत्यक्षात पंचवीस लागतात, पण त्यातली पंधरा मिनिटं गिऱ्हाइकाच्या सुनेविषयी असतात, ती दरात धरता येत नाहीत. कापड बेतून अस्तरासह कापायला अर्धा तास. मशीनवर सव्वा तास. मग हातशिलाई: गळ्याची तुरपाई, हुक, लूप, मिळून पस्तीस मिनिटं. इस्त्रीला दहा. आणि ट्रायलनंतर कुठे बगलेत सैल कर, कुठे बाहीत घट्ट कर, यात सरासरी वीस. एकूण तीन तास झाले. शिवणाऱ्या बहुतेकींना विचारलं तर त्या ‘सव्वा तास’ सांगतात, कारण मशीनचा आवाज चालू असतो तेवढंच त्यांना काम वाटतं. हातशिलाई टीव्हीसमोर होते म्हणून ती करमणुकीच्या खात्यात जाते.

आता या तीन तासांची किंमत. समजा डोंबिवली किंवा चिंचवडच्या एखाद्या सोसायटीतल्या शिवणारीला महिन्याला पंधरा हजार रुपये हातात यायला हवेत. ती सकाळी दहा ते संध्याकाळी सात घरात असली, तरी डबे, कुकर, शाळेची बस, पाणी भरणं, कुरियरवाला आणि गॅसवाला वजा जाता मशीनवर आणि हातशिलाईत मिळून रोज पाच तास बसते. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर विकायला 125 तास आहेत, त्याहून एकही जास्त नाही. 15,000 भागिले 125 म्हणजे तासाला 120 रुपये. ब्लाउजच्या तीन तासांचे झाले 360. त्यात अस्तराचे 60, दोरा, हुक आणि गळ्याच्या कॅनव्हासचे 10, वीज, सुया, तेल आणि मशीनच्या झिजेचे 20, असे 90 मिळवले की 450 येतात. शहराप्रमाणे, हाताच्या वेगाप्रमाणे आणि घरच्या गरजेप्रमाणे आकडे बदलतील, पण भागाकार हाच राहतो. हा भागाकार एकदा स्वतःच्या हाताने वहीच्या मागच्या पानावर केलेली बाई ‘साडेचारशे’ म्हणताना बिचकत नाही. तिच्या आवाजातला हा बदल गिऱ्हाइकाला पहिल्यांदा ऐकू येतो आणि आकडा त्यानंतर.

‘पण कमी नाही केलं तर गिऱ्हाईक जाईल’ ही भीती खरी आहे. काही गिऱ्हाइकं जातातही. मात्र ती गेली तर किती नुकसान होतं, हे सहसा कोणी मोजत नाही. महिन्याला चाळीस ब्लाउज शिवून होतात असं धरू. साडेचारशेला एका ब्लाउजमागे खर्च जाऊन 360 उरतात. मागणाऱ्या प्रत्येकीला पन्नास सोडले आणि हळूहळू सगळ्यांसाठीच दर चारशे झाला (तो होतोच, ते पुढे), तर उरतात 310. चाळीस ब्लाउजांचे 12,400. आता उलट बाजू. दर साडेचारशेच ठेवला आणि रागावून पाच ब्लाउज दुसरीकडे गेले. राहिलेल्या पस्तीस ब्लाउजांचे होतात 12,600. म्हणजे पाच कामं जाऊन दोनशे रुपये जास्त मिळाले, शिवाय पंधरा तास मोकळे. त्या पंधरा तासांत फॉल-पिको करता येईल, कोणाच्या मुलीचा स्नेहसंमेलनाचा घागरा शिवता येईल किंवा दुपारी झोपता येईल. गिऱ्हाईक टिकवण्यासाठी सोडलेले पन्नास रुपये दुकानाच्या खर्चातून जात नाहीत, थेट शिवणारीच्या मजुरीतून जातात. अस्तरवाला काही आपले साठ रुपये कमी करत नाही.

या हिशेबाला अट एकच: हाताला काम पुरेसं हवं. मशीन नुकतं मांडलंय आणि आठवड्याला तीनच ब्लाउज येतात, अशा वेळी गेलेलं गिऱ्हाईक परवडत नाही. तेव्हा सुरुवातीचा दर म्हणून तो खुशाल कमी ठेवावा, पण सगळ्यांना सारखा आणि पाटीवर तारीख घालून: ‘गौरी-गणपतीपर्यंत.’ तारीख नसलेली सवलत हाच कायमचा दर होतो.

पन्नास रुपये एकीलाच सोडले तर बाकीच्यांना कसे कळणार, असं नव्या शिवणारीला वाटतं. ते कळतं हळदीकुंकवाला. पदराखालचा ब्लाउज न्याहाळणं हा त्या समारंभाचा एक विधीच आहे. ‘छान बसलाय गं, किती घेतले?’ आणि मग साडेचारशे दिलेली व चारशे दिलेली समोरासमोर वाण हातात घेऊन उभ्या राहतात. चारशेवालीला फार आनंद होत नाही, आपल्याला साडेतीनशेलाही मिळाला असता असं तिला वाटून जातं. साडेचारशेवालीला मात्र आपण फसलो असं वाटतं, आणि ती पुन्हा येत नाही. न कुरकुरता पैसे देणारं, म्हणजे सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक, असं हातचं जातं. ‘पाचशे सांगायचे आणि साडेचारशेला सोडायचे’ ही पुष्कळांची आवडती युक्तीही इथेच फसते: भाव करणारीला साडेचारशे आणि गरीब स्वभावाचीला पाचशे, म्हणजे सभ्यपणाला पन्नास रुपये दंड.

म्हणून दर लिहावा. मशीनच्या वरच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला एक कागद, आणि तोच कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला फोटो करून ठेवलेला. साधा ब्लाउज 270, अस्तराचा 450, कटोरी किंवा प्रिन्सेस कटला 80 जास्त, पायपिंग, पॅड, नाडी-लटकन यांचे वेगवेगळे. शेवटचं फार महत्त्वाचं आहे. ‘अस्तराचा ब्लाउज’ असं म्हणून आलेलं गिऱ्हाईक माप देऊन झाल्यावर मोबाइल काढतं आणि एका नटीच्या पाठीचा फोटो दाखवतं. त्या पाठीवर चार नाड्या, एक जाळी आणि मोत्यांची रांग असते. ‘असंच, साधं’ असं ती म्हणते. कागदावर प्रत्येक गोष्टीचा दर वेगळा असेल, तर बोटाने मोजत ‘हे 80, हे 60, हे 120’ करता येतं आणि मोत्यांचा उत्साह आपोआप ओसरतो. अस्तर दरात धरलंय की गिऱ्हाइकाने आणायचं, हेही त्यावर हवं. आणलेलं अस्तर बरेचदा पॉलिस्टरचं आणि दुसऱ्याच रंगाचं असतं. सुती असलं तर ते पाण्यातून काढून, वाळवून इस्त्री केलेलं नसतं, आणि पहिल्या धुण्यात ते आटून ब्लाउजला सुरकुत्या पडल्या की दोष शिवणारीच्या नावावर जातो.

कागद लावला की घासाघीस बंद होते, असं मात्र कोणी समजू नये. ती फक्त सभ्य होते. आता कागद वाचून झाल्यावर ‘हे बाहेरच्यांसाठी ना?’ असं विचारलं जातं.

याला उत्तर देण्याचा एकच धरून ठेवण्यासारखा नियम आहे: दर तोच ठेवायचा आणि कमी करायचंच असेल तर काम कमी करायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ब्लाउजपीस मांडीवर ठेवून म्हणतात, ‘अगं, साडेचारशे? चारशे कर. शेवटी ब्लाउजच आहे, शालू नाही.’ यावर ‘नाही हो काकू, परवडत नाही’ म्हटलं की संपलं. परवडण्यावर चर्चा करता येते, आणि काकूंना वेळ आहे. त्याऐवजी ‘काकू, चारशेत बसवायचं तर हातशिलाई काढते आणि गळा मशीननेच मारते. रोजच्या वापराला चालेल. पण हा तुमच्या नातीच्या बारशाला घालायचाय ना?’ असं म्हटलं तर काकूंना किंमत आणि काम यांच्यातून एक निवडावं लागतं. काकू क्षणभर गळ्याकडे बघतात आणि म्हणतात, ‘नको, हातशिलाईच कर.’ दर जिथल्या तिथे राहतो, काकूंचाही मान राहतो, कारण निवड त्यांची असते. अस्तराऐवजी साधा, चार दिवसांऐवजी पंधरा दिवसांनी, पायपिंगऐवजी साधी पट्टी, अशी कमी करण्याची पायरी प्रत्येक दराखाली तयार हवी. नुसता ‘नाही’ ऐकून गेलेलं गिऱ्हाईक परत यायला लाजतं.

आणि हे सांगून झालं की गप्प बसावं. हे सगळ्यात अवघड आहे. चार सेकंदांची शांतता आपल्याकडे अपमानासारखी वाटते आणि ती भरून काढायला शिवणारी स्वतःच म्हणते, ‘बरं, चारशे वीस द्या.’ अशा वेळी हातात टेप घ्यावा आणि खांदा मोजायला लागावं. खांदा मोजला जात असताना भाव करणं जमत नाही, मान सरळ ठेवावी लागते.

चार ब्लाउज एकदम आणणारीचं म्हणणं मात्र ऐकून घ्यावं, त्यात थोडं तथ्य असतं. एकाच बाईचे चार असले तर माप एकदाच घ्यावं लागतं. आधी एकच शिवून ट्रायल घेतली की उरलेल्या तिन्हींच्या दुरुस्त्या टळतात. म्हणजे दुसऱ्यापासून प्रत्येकी अर्धा तास, साठ रुपये वाचतात. त्यातले तीस गिऱ्हाइकाला द्यावेत: पहिला 450, पुढचे तीन 420 प्रमाणे, एकूण 1,710. ‘चारशेने लाव, सोळाशे’ असं ती म्हणेल, तर तीस रुपये कुठून आले ते सांगता येतं, आणि जिथून काही वाचलेलं नाही तिथून सूट निघत नाही हेही. ही सवलत समोर ठेवलेल्या कपड्यांवर आहे, बोललेल्या कपड्यांवर नाही. ‘आत्ता या एकाचे कमी कर, मार्गशीर्षात भाचीच्या लग्नाचे दहा देते’ असं म्हणणाऱ्यांच्या सगळ्या भाच्यांची लग्नं झाली असती, तर महाराष्ट्रात एकही हॉल रिकामा राहिला नसता. ‘दहा आणा, तेव्हा दहावर सूट देते’ एवढंच उत्तर पुरेसं असतं.

‘समोरच्या बिल्डिंगमधली तीनशेत शिवते’ याला तर वादच घालू नये. ती शिवत असेलही. तिच्या कामाची निंदा केली तर ती संध्याकाळपर्यंत व्याजासकट तिच्याकडे पोचते, आणि उद्या तिचं जादा काम आपल्याकडे यायचं ते थांबतं. ‘तिला जमत असेल, माझा दर हा आहे’ असं म्हणून हसावं. असं सांगणारी बाई खरंच तिकडे गेली, तर हरकत नाही. तिकडून ती इकडे ‘फक्त जरा उसवून दे’ म्हणून येते, तेव्हा उसवण्याचा दरही कागदावर लिहिलेला असावा.

नातेवाईक हा वेगळा प्रांत आहे. जावेला अर्धे, नणंदेला पाऊण, आत्याला अस्तराचे फक्त, अशी उतरंड लावली की ती लक्षात ठेवण्यातच बुद्धी खर्च होते आणि प्रत्येकीला दुसरीची पायरी कळतेच. यावर टिकाऊ तोडगा दोनच आकड्यांचा आहे: पूर्ण दर किंवा फुकट. फुकट कोणाला ते आपण ठरवायचं: सासूबाई, आई, बहीण, वर्षातून एकदा ओवाळणी म्हणून. अर्धा दर घेतलेल्या कामाचे उपकार कोणी मानत नाही, फुकट दिलेलं निदान सांगितलं जातं. वर अर्ध्या दराचं काम अगदी शेवटी, रात्री अकराला शिवलं जातं आणि बिघडतं.

सगळ्यात वाईट घासाघीस ब्लाउज तयार झाल्यावर होते. कापड कापलेलं, शिवलेलं, इस्त्री केलेलं, आणि गिऱ्हाईक पिशवी काखेत घेऊन म्हणतं, ‘चारशे करते हं, जीपे.’ पूर्वी सुटे नसण्याची सबब होती. ती मोबाइलने मारली, तर त्या जागी ‘रेंज नाही’ आली. याचा बंदोबस्त पहिल्या दिवशीच करायचा असतो. कार्बनच्या पावतीपुस्तकात माप, डिझाइन, ठरलेली रक्कम, ट्रायलची तारीख आणि घेतलेला अ‍ॅडव्हान्स लिहावा, कापडाचा एक तुकडा स्टेपल करावा, पावती गिऱ्हाइकाला आणि प्रत आपल्याला. अ‍ॅडव्हान्स निदान निम्मा असावा: अस्तराचे पैसे तरी खिशातून जात नाहीत, आणि निम्मे पैसे अडकलेलं गिऱ्हाईक ब्लाउज सहा महिने विसरत नाही. शेवटच्या दिवशी क्रम असा: ट्रायल, बाकी, मग पिशवी. पिशवी आधी गेली की बाकी ‘नंतर पाठवते’ या मुदतीला लागते.

मात्र खरी तक्रार आणि भाव पाडण्याची तक्रार यांची गल्लत करू नये. ‘बगलेत काचतंय’ हे खरं असू शकतं, अंगात घालून हात वर करायला लावला की लगेच दिसतं: बाही ओढली जाते आणि पाठीवर आडवी घडी पडते. अशा वेळी उसवून पुन्हा शिवावं आणि त्याचा एक पैसा घेऊ नये. त्यासाठीच दोन्ही कडांना आत इंचभर कापड सोडायचं असतं. पण काचणाऱ्या बगलेबद्दल पन्नास रुपये सोडले, तर ती काचतच राहते, आणि गिऱ्हाईक तो ब्लाउज घालून प्रत्येक लग्नात शिवणारीची जाहिरात करतं. कापडच चुकीचं कापलं गेलं असेल, तर शिलाई घेऊ नये आणि कापडाची भरपाईही द्यावी. आपल्या चुकीला भाव नाही आणि गिऱ्हाइकाच्या भावाला चूक नाही, हे दोन्ही बाजूंनी पाळलं तर भांडणं निम्मी होतात.

घाईचा दर वेगळा लावायला अनेकजणींना संकोच वाटतो. तो वाटू नये. परवाच्या साखरपुड्याचा ब्लाउज आज घेतला तर दुसऱ्या कोणाचा तरी मागे सरकतो आणि रात्र मशीनवर जाते. दोन दिवसांत हवा असेल तर 150 जास्त, हे कागदावर लिहिलेलं असलं की एक चमत्कार घडतो: निम्म्या साखरपुड्यांना आणखी चार दिवस चालतात. उलट पितृपक्षात आणि पौषात हात रिकामे असतात. सवलत द्यायची हौस असेल तर ती तेव्हा द्यावी, तारीख घालून आणि सगळ्यांना, फॉल-पिकोवर किंवा साध्या ब्लाउजवर. लग्नसराईच्या ऐन गर्दीत सवलत देणं म्हणजे उभं राहायला जागा नसताना माणसं बोलावणं.

दर बरोबर आहे की नाही हे गिऱ्हाइकाच्या तोंडावरून ओळखू नये, ते कुठल्याही आकड्याला तसंच असतं. दोन महिन्यांच्या पावत्या बघाव्यात. दर ऐकून जवळपास कोणीच परत जात नसेल आणि ट्रायलची तारीख तीन आठवड्यांपुढे गेली असेल, तर दर कमी आहे. निम्म्याहून जास्त जणी कागद वाचून ‘सांगते हं’ म्हणून जात असतील, तर एकतर दर जास्त आहे किंवा त्या दरात काय मिळतं ते कागदावर नीट लिहिलेलं नाही. दहांतल्या दोन-तीन गेल्या, तर सगळं ठीक चाललंय.

आणि वर्षातून एकदा दर वाढवावा, अस्तर आणि दोरा तर विचारून वाढत नाहीत. गुढीपाडवा सोयीचा. महिनाभर आधी कागदावर खाली लिहावं की पाडव्यापासून अस्तराचा ब्लाउज 480, आणि त्याआधी पावती झालेलं काम जुन्याच दराने मिळेल. शेवटच्या आठवड्यात गठ्ठे येतात, त्याची तयारी ठेवावी. वाढलेल्या तीस रुपयांची चर्चा सोसायटीत साधारण आठवडाभर चालते, मग पाण्याच्या टँकरचा विषय निघतो.